क्रेन हुकात न्यूट्रल ॲक्सिस आत सरकतो, मग शून्याची रेघ सेंट्रॉइडवरच का दिसते?

प्रश्न: "५ टनाच्या हुकाचं डिझाइन तपासतोय. सेक्शन ट्रॅपेझॉइड आहे: आतली रुंदी ६० मिमी, बाहेरची २५, खोली ८०, आतली त्रिज्या ४५. सरळ बीमच्या सूत्राने आतल्या कडेला ९५ मेगापास्कल येतात, एफईएत १३० च्या वर. पुस्तकात लिहिलंय की न्यूट्रल ॲक्सिस आत सरकतो, त्याची त्रिज्या ७३.३ येते. पण एफईएत स्ट्रेस शून्य होतो तो ७९.५ च्या आसपास, म्हणजे सेंट्रॉइडवरच. मग ॲक्सिस सरकला कुठे? मेश चुकली, की सूत्र?"

दोन्ही बरोबर आहेत. मेशला हात लावू नका. चूक असेल तर ती फक्त सरळ बीमच्या ९५ मध्ये आहे. ७३.३ आणि ७९.५ हे आकडे एकमेकांशी भांडत नाहीत, कारण त्या दोन वेगवेगळ्या रेघा आहेत. पहिली नुसत्या बेंडिंगची शून्यरेघ, दुसरी बेंडिंग आणि सरळ ओढ मिळून होणाऱ्या एकूण स्ट्रेसची. त्यातही दुसरी रेघ नेमकी सेंट्रॉइडवर पडली हा योगायोग नाही. तुम्ही लोड कुठून लावला आहे ते त्यावरून मला इथे बसून सांगता येतं: हुकाच्या वाटीच्या केंद्रातून. लोड जरा सरकवलात की ती रेघ हलेल, पण ७३.३ ची रेघ जागची हलणार नाही. हे कसं, ते पुढे लिहितो.

मी बडोद्याला मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत लिफ्टिंग टॅकल आणि ईओटी क्रेनच्या डिझाइनचं काम करतो. आमच्याकडे नवीन येणारी मुलं, अगदी कलाभवनातून चांगल्या मार्कांनी आलेलीसुद्धा, नेमकी इथेच अडखळतात. सूत्र पाठ असतं, पण ते कशाची शून्यरेघ सांगतं हे कोणी विचारलेलं नसतं.

आधी ॲक्सिस मुळात आत का सरकतो ते बघू. हुकाच्या पाठीतून, आडव्या सेक्शनपाशी, १० अंशांची एक फाक कापून काढली असं समजा. आतल्या कडेला त्रिज्या ४५, म्हणून तिथे धातूच्या तंतूची लांबी भरते जेमतेम ७.९ मिमी. बाहेरच्या कडेला त्रिज्या १२५, तिथे २१.८ मिमी. लोड आला की हूक उघडू पाहतो आणि फाकेच्या दोन सपाट बाजू एकमेकींच्या तुलनेत थोड्या फिरतात. त्या फिरताना सपाटच राहतात, हे सरळ बीमसारखंच. त्यामुळे कुठल्याही तंतूची लांबी किती बदलली हे फिरण्याच्या ॲक्सिसपासूनच्या अंतराच्या प्रमाणात असतं. इथपर्यंत सरळ आणि वाकड्या बीममध्ये काही फरक नाही.

फरक पडतो स्ट्रेन काढताना. स्ट्रेन म्हणजे लांबीतला बदल भागिले मूळ लांबी, आणि इथे मूळ लांबीच सगळीकडे सारखी नाही. समजा फिरणं सेंट्रॉइडभोवतीच झालं. आतली कड सेंट्रॉइडपासून ३४.५ मिमीवर आहे, बाहेरची ४५.५ वर. बदल बाहेर जास्त, पण तो २१.८ ला वाटला जातो, आणि आतला ७.९ ला. भागाकार करून पाहा: आतला स्ट्रेन बाहेरच्याच्या दुप्पट निघतो. शिवाय आतली बाजू ६० मिमी रुंद. म्हणजे आतल्या भागातली एकूण ओढ बाहेरच्या भागातल्या एकूण दाबापेक्षा जास्त भरेल. नुसत्या बेंडिंगमध्ये हे चालत नाही, तिथे ओढ आणि दाब यांची बेरीज शून्य यावी लागते. तेव्हा फिरण्याचा ॲक्सिस आत सरकतो. ओढीचा पट्टा अरुंद होतो, दाबाचा रुंद होतो, आणि हिशेब जुळतो. स्ट्रेसचा आलेख मग सरळ रेषा राहत नाही. बाहेरून आत येताना तो आधी हळू आणि आतल्या कडेपाशी झपाट्याने चढतो.

विंकलरने १८५८ मध्ये मांडलेला आणि पुढे बाखच्या नावासह ओळखला जाणारा सिद्धांत एवढाच आहे. सूत्रं अशी:

```
r_n = A / ∫(dA/r)
e   = r_c - r_n
σ_b = M (r_n - r) / (A e r)
```

`r_c` ही सेंट्रॉइडची त्रिज्या, `r_n` ही बेंडिंगच्या न्यूट्रल ॲक्सिसची, आणि दोन्ही मोजायच्या त्या वाटीच्या केंद्रापासून. ओढ धन धरली आहे.

आता तुमचं सेक्शन. क्षेत्रफळ ३४०० चौरस मिमी. सेंट्रॉइड आतल्या कडेपासून ३४.५१ मिमी, म्हणजे त्रिज्या ७९.५१. ट्रॅपेझॉइडसाठी इंटिग्रल असं सुटतं:

```
∫dA/r = [(60×125 - 25×45)/80] × ln(125/45) - (60 - 25)
      = 79.6875 × 1.02165 - 35
      = 46.413
r_n   = 3400 / 46.413 = 73.256
e     = 79.510 - 73.256 = 6.254
```

लोड ५० किलोन्यूटन धरू. तो वाटीच्या केंद्रातून खाली जातो, म्हणून सेंट्रॉइडपासूनचं अंतर ७९.५१ आणि मोमेंट ३९,७५,५०० न्यूटन-मिमी. आतल्या कडेला बेंडिंगचे ११७.४ मेगापास्कल येतात, ओढीचे. बाहेरच्या कडेला ७७.४, दाबाचे. ही झाली नुसत्या बेंडिंगची गोष्ट, आणि हिची शून्यरेघ ७३.२६ वर आहे. तुमच्या पुस्तकातला आकडा तो हाच.

पण हूक नुसता वाकत नाही, तो लोड उचलूनही धरतो. त्या सेक्शनमधून ५० किलोन्यूटनची सरळ ओढ जाते: ५०,००० भागिले ३४००, म्हणजे १४.७ मेगापास्कल, सगळीकडे सारखे. ते मिळवले की आत १३२.१ ओढ आणि बाहेर ६२.७ दाब. तुमच्या एफईएत १३० च्या वर आले ते हेच. आणि ७३.२६ वर, जिथे बेंडिंग शून्य आहे, तिथे एकूण स्ट्रेस शून्य नाही. तिथे १४.७ ची ओढ शिल्लक आहे. एकूण शून्य गाठायचं तर बाहेरच्या बाजूला सरकायला हवं, जिथे बेंडिंगचा दाब बरोबर १४.७ होईल. किती सरकायचं? सूत्रात `M = P r_c` घालून दोन्ही पदं एकत्र केली की ते फार सुंदर आवरतं:

```
σ = P/A + P r_c (r_n - r)/(A e r)
  = (P/A) (r_n/e) (r_c/r - 1)
```

शेवटच्या कंसाकडे बघा. तो शून्य होतो फक्त `r = r_c` ला. म्हणजे लोड वाटीच्या केंद्रातून जात असेल, तर सेक्शन कुठलंही असो, गोल, ट्रॅपेझॉइड, काहीही, एकूण स्ट्रेसची शून्यरेघ सेंट्रॉइडवरच पडते. वाकामुळे ॲक्सिस ६.२५ मिमी आत आला आणि सरळ ओढीमुळे शून्य तेवढंच बाहेर गेलं. एफईएने तुम्हाला तंतोतंत खरं दाखवलं.

सरळ बीमचं सूत्र इथे कसं फसवतं तेही पाहून घ्या, कारण ते फक्त कमी आकडा देत नाही, दिलासाही देतं. मोमेंट ऑफ इनर्शिया १७,१०,८५० आहे. त्यावरून आत एकूण ९५ ओढ आणि बाहेर ९१ दाब येतो. दोन्ही कडा जवळजवळ समान. डिझायनरला वाटतं, वा, सेक्शन अगदी छान बसलंय, दोन्ही टोकांना धातू सारखा वापरला जातोय. प्रत्यक्षात आत १३२ आणि बाहेर ६३ आहेत, म्हणजे आतली कड बाहेरच्यापेक्षा दुपटीहून जास्त सोसते. हूक आतून रुंद का ठेवतात याचं उत्तरही यातच आहे. हेच सेक्शन उलटं केलं, २५ ची बाजू आत आणि ६० ची बाहेर, तर आतल्या कडेला १९६ मेगापास्कल येतात. वजन तेच, धातू तोच.

आता प्रश्न उरतो की न्यूट्रल ॲक्सिस खरंच सरकलाय हे डोळ्यांनी कसं बघायचं. यासाठी मी नवीन मुलांना एक छोटा प्रयोग करायला लावतो, तो तुम्हीही करा. तुमच्याच मॉडेलवर दुसरी लोड केस घ्या. लोड तोच, ५० किलोन्यूटन, पण लोडची रेषा हुकाच्या टोकाकडे १० मिमी सरकवा. मग दोन्ही केसमध्ये आडव्या सेक्शनवर आतून बाहेरपर्यंत एक पाथ टाकून स्ट्रेस काढा आणि दोन्ही आलेख एकावर एक ठेवा. दुसऱ्या केसमध्ये आत साधारण १४७ येतील, बाहेर ७२ दाब, आणि शून्यरेघ ७९.५ वरून ७८.८ च्या आसपास येईल. शून्यरेघ हलली. पण दोन्ही आलेख एकमेकांना जिथे छेदतात ती जागा पाहा: त्रिज्या ७३.३ च्या जवळ, आणि तिथला स्ट्रेस दोन्हींत १४.७ च्या आसपास. तिथे बेंडिंगचा वाटा शून्य असल्यामुळे मोमेंट कितीही वाढवा, तो बिंदू हलत नाही. तोच न्यूट्रल ॲक्सिस. एका केसमध्ये तो शोधायला गेलात तर सापडणार नाही, कारण तिथे दिसण्यासारखं काही नसतं. दोन केसच्या वजाबाकीत मात्र तो स्वच्छ दिसतो.

पाथवर कुठला स्ट्रेस काढायचा हे मात्र जपून निवडा. व्हॉन मायसेसचा रंगीत नकाशा यासाठी उपयोगाचा नाही. व्हॉन मायसेस कधी ऋण होत नाही, त्यामुळे त्यात ओढ संपून दाब कुठे सुरू होतो हे कळत नाही. मध्ये एक निळा पट्टा दिसतो आणि सगळे त्याला न्यूट्रल ॲक्सिस म्हणून मोकळे होतात. शिवाय हुकाच्या पोटात रेडियल ओढही असते. वाक उघडताना आतले आणि बाहेरचे थर एकमेकांपासून सुटू पाहतात, त्याची ही ओढ. दोन्ही पृष्ठभागांवर ती शून्य असते, मधल्या भागात मात्र १४.७ च्या तुलनेत तिला किरकोळ म्हणता येत नाही. व्हॉन मायसेसमध्ये तीही मिसळते आणि निळा पट्टा भलतीकडेच दिसतो. म्हणून वाटीच्या केंद्रावर सिलिंड्रिकल कोऑर्डिनेट सिस्टिम ठेवा आणि हूप दिशेचा, म्हणजे सेक्शनला लंब असणारा घटक काढा.

हाच मुद्दा स्ट्रेन गेजच्या बाबतीत. कोणी खऱ्या हुकाच्या बाजूच्या सपाट भागावर ७३ च्या त्रिज्येला एकच गेज चिकटवून १४.७ वाचायला बसला तर निराश होईल, कारण रेडियल ओढ हूप दिशेचा स्ट्रेन आकसवते. तिथे दोन दिशांचा गेज लागतो. आतल्या आणि बाहेरच्या कडेवर मात्र एकेक गेज पुरतो, तिथे रेडियल काही नसतंच. तुमच्या हुकावर पूर्ण लोडला आत साधारण ६४० आणि बाहेर उणे ३०० मायक्रोस्ट्रेन अपेक्षित आहेत. या दोघांचं गुणोत्तर २.१ च्या जवळ आलं तर हिशेब, लोडची रेषा आणि गेज तिन्ही ठीक आहेत असं मी धरून चालतो.

आता हातानं हिशेब करताना कुठे पाय घसरतो, ते सांगतो. पहिली जागा `e`. दोन मोठ्या, जवळजवळ सारख्या आकड्यांची ही वजाबाकी आहे आणि नंतर आपण तिने भागतो. लॉगरिदम १.०२१६५ ऐवजी १.०२ घेतलात तर न्यूट्रल ॲक्सिस ७३.२६ ऐवजी ७३.४६ येतो. फरक मिमीच्या पाचव्या हिश्श्याचा, पण आतला स्ट्रेस १३२ वरून १३७ वर जातो. ज्यांनी त्रिज्या "साधारण ७४" आणि सेंट्रॉइड ७९.५ घेतला त्यांना १५२ मिळतात, आणि "साधारण ७३" घेणाऱ्यांना १२७. ड्रॉइंगवर अर्धा मिमी कोणी विचारत नाही म्हणून हिशेबातही तसंच करण्याची सवय असते, पण इथे ती महागात जाते. लॉग पाच दशांशांपर्यंत घ्या आणि `e` मिमीच्या शंभराव्या भागापर्यंत ठेवा.

`e` ढोबळमानाने बरोबर आहे का हे तपासायला सोपी युक्ती आहे. सरळ बीमसाठी काढलेला मोमेंट ऑफ इनर्शिया फेकून देऊ नका. त्याला क्षेत्रफळ आणि सेंट्रॉइडची त्रिज्या यांच्या गुणाकाराने भागा. तुमच्या बाबतीत ६.३३ येतात, खरं उत्तर ६.२५. हे अंदाजी सूत्र आहे, डिझाइनला वापरायचं नाही, पण तुमचं `e` दोन किंवा बारा आलं असेल तर तिथल्या तिथे कळतं.

दुसरी जागा मोमेंटचं अंतर. पुष्कळ जण ते न्यूट्रल ॲक्सिसपासून मोजतात, कारण "बेंडिंग त्याच्याभोवती होतं ना". तसं केलं की आतला स्ट्रेस १३२ ऐवजी १२३ येतो, म्हणजे चूक असुरक्षित बाजूला. सरळ ओढ सगळीकडे सारखी वाटली गेली असं आपण धरतो, आणि अशा वाटपाचा परिणामी जोर सेंट्रॉइडमधून जातो. म्हणून उरलेला मोमेंटही सेंट्रॉइडपासूनच मोजायचा. याची तपासणी म्हणून बेंडिंगच्या सूत्रात `r = r_c` घाला. लोड केंद्रातून असेल तर उत्तर बरोबर उणे १४.७ यायला हवं. अंतर चुकलं असेल तर उणे १३.५ वगैरे काहीतरी येईल. मात्र ही तपासणी `e` मधली चूक पकडत नाही, कारण त्या बिंदूला `e` छेदातून उडून जातो. त्यासाठी वरची इनर्शियाची युक्ती.

हे सगळं लोड केंद्रातून जातो या गृहीतावर उभं आहे, आणि इथेच परिस्थितीवर अवलंबून असलेला भाग सुरू होतो. एकच गोल स्लिंग वाटीच्या तळाशी बसलं असेल तर गृहीत चांगलं आहे. पण शॉपफ्लोअरवर जाड बेल्ट स्लिंग वाटीत नीट मावत नाही आणि टोकाच्या बाजूला चढून बसतं. लोडची रेषा ३० मिमी बाहेर गेली तर तुमच्याच हुकात आतल्या कडेला १७६ मेगापास्कल येतात, १३२ ऐवजी. तेच वजन, तोच हूक. दोन पायांचं स्लिंग असेल तर गोष्ट आणखी वेगळी: पाय तिरपे ओढतात, तेव्हा वाटीच्या तळाशी असलेलं उभं सेक्शनही वाकतं आणि ते स्वतंत्रपणे तपासावं लागतं. पद्धत हीच, फक्त त्या सेक्शनवरची ओढ आणि मोमेंट वेगळे. झीज होते तीही त्या तळाशीच, स्लिंग घासतं तिथे. म्हणून तिथली उरलेली खोली मोजून हिशेब पुन्हा करायचा असतो. पाठीकडचं आडवं सेक्शन वर्षानुवर्षं नवं दिसतं आणि त्याकडे पाहून हूक चांगला ठरवणं बरोबर नाही.

दुसरं गृहीत सेक्शनच्या आकाराचं. तुमच्या ड्रॉइंगवर ट्रॅपेझॉइड असेल, पण फोर्ज केलेल्या हुकाचे कोपरे गोल असतात, आणि आतली बाजू तर बहुतेक वेळा पूर्ण कमानीसारखी असते, म्हणजे स्लिंग कापलं जाऊ नये. कोपऱ्यांतला तो धातू नेमका जिथे सर्वांत जास्त गरज आहे तिथून जातो. सेंट्रॉइड थोडा बाहेर सरकतो, क्षेत्रफळ घटतं, आणि आतला स्ट्रेस वर जातो. तुमच्या एफईएत १३२ पेक्षा थोडे जास्त येत असतील आणि मॉडेलमध्ये कोपरे गोल असतील, तर फरकाचं कारण आधी इथे शोधा, मेशमध्ये नाही.

अशा सेक्शनसाठी तयार सूत्र शोधत बसू नका. एक्सेल उघडा, सेक्शनच्या आतून बाहेर १ मिमीच्या पट्ट्या करा, ८० ओळी होतील. प्रत्येक ओळीत पट्टीच्या मध्याची त्रिज्या (४५.५, ४६.५ अशी) आणि ड्रॉइंगवरून त्या जागची रुंदी. मग तीन बेरजा:

```
A   = Σ b
r_c = Σ (b·r) / A
r_n = A / Σ (b/r)
```

पट्टी १ मिमीची आहे म्हणून जाडीने गुणायची गरज नाही. आधी गोल कोपऱ्यांशिवायचा ट्रॅपेझॉइड घालून पाहा. ७३.२६ आलं की शीट बरोबर आहे, मग खऱ्या रुंदी भरा. आमच्याकडे अजून हेच वापरतो. एफईए आहेच, पण ग्राहकाच्या इन्स्पेक्टरसमोर ८० ओळींची शीट ठेवली की चर्चा लवकर संपते.

आता १३२ या आकड्याचं करायचं काय. हुकाच्या फोर्जिंगची यील्ड स्ट्रेंग्थ समजा २३५ मेगापास्कल आहे. तुमच्या टेस्ट सर्टिफिकेटवरचा आकडा घ्या, माझा नको. शिवाय उचलताना बसणाऱ्या धक्क्याचा गुणक आणि क्रेनची ड्यूटी यांचा विचार तुम्ही वापरत असलेल्या स्टँडर्डप्रमाणे वेगळा करावा लागेल. पण नुसतं बघायचं तर १३२ आणि २३५ मध्ये पावणेदोन पटींचं अंतर दिसतं. मग हूक दुप्पट प्रूफ लोडला लावला की काय होईल? इलॅस्टिक हिशेब आतल्या कडेला २६४ म्हणतो, म्हणजे यील्डच्या वर. यावरून हूक निकामी ठरवायची घाई नको. आलेख आतल्या कडेपाशी किती उभा आहे ते आठवा. २३५ च्या वरचा भाग त्रिज्या ४५ पासून सुमारे ४७.३ पर्यंतच आहे, जेमतेम २.३ मिमीचा थर. तो थर यील्ड होऊन थोडा ताणला जातो, त्याचा भार शेजारच्या धातूवर सरकतो म्हणून तो २.३ पेक्षा जरा जास्त जाड होतो, पण बाकीची पंचाहत्तर मिमी इलॅस्टिकच राहते आणि लोड काढल्यावर सगळ्याला मागे ओढते. ताणून लांब झालेला तो थर त्या ओढीत दाबला जातो. म्हणजे प्रूफ टेस्टनंतर आतल्या कडेला थोडा कायमचा दाब उरतो, आणि रोजच्या लोडची ओढ आधी त्या दाबाला संपवते, मग पुढे चढते.

हे अर्थात तेव्हाच खरं, जेव्हा धातू डक्टाइल आहे आणि कडेला तडा, फोर्जिंगची घडी किंवा ग्राइंडिंगचा खोल ओरखडा नाही. म्हणून प्रूफ लोडच्या आधी आणि नंतर आतली कड मॅग्नेटिक पार्टिकलने तपासतात. आणि हुकाच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना पंचाच्या खुणा मारून त्यांमधलं अंतर व्हर्नियरने लिहून ठेवतात. पहिल्यांदा प्रूफ लोड लावून काढल्यावर ते अंतर केसभर वाढलेलं दिसू शकतं, तो त्या पातळ थराचा हिशेब. तोच लोड पुन्हा लावा आणि काढून पुन्हा मोजा. दुसऱ्या वेळी अंतर वाढलं नाही तर थर बसला. वाढलं, तर यील्ड कडेपुरतं राहिलेलं नाही, किंवा सर्टिफिकेटवरची स्ट्रेंग्थ त्या फोर्जिंगमध्ये नाही, आणि तो हूक क्रेनवर चढवायचा नाही.